खुर्ची, दिवा आणि दार

३ जून

प्रिय ताई,

फोन उचलला होता, पण ठेवून दिला. फोनवर मी रडते, तू ओरडतेस आणि भावोजी पलीकडून विचारत राहतात, "काय झालं, काय झालं?" त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही.

झालं असं की प्रयोगशाळेचे प्रमुख निवृत्त झाले आणि आज त्यांच्या जागी भिंगरीचं नाव जाहीर झालं. भिंगरी म्हणजे तीच गं, जिच्याबद्दल मी तुला मागे लिहिलं होतं. दिवसभर गरगर फिरत असते, म्हणून मी ठेवलेलं नाव. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आली तेव्हा हिरव्यात पिवळा किती टाकायचा हे मला विचारून टाकायची. तिच्याआधी उंच्या. तोही माझ्याच टेबलावर शिकला, आता उत्पादन विभाग सांभाळतो आणि कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे जरा वाकून बघतो. उंच आहे, त्याचा दोष नाही, तरी मला वाकून बघितल्यासारखं वाटतंच.

मी अजून उपप्रमुख. अकरा वर्षं. लोकांची पोरं शाळेत जाऊन कॉलेजात पोचली, माझं पद बालवाडीतच आहे.

आणि वर काय, तर सत्काराचं भाषण मीच करायचं! कारखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?" मी बोलले. गोड बोलले. केक कापला, मला सगळ्यात मोठा तुकडा दिला. मी तो गिळला. मूग गिळतात ना, तसा केक गिळला.

तुला माझं काम नीट माहीत नाही, म्हणून सांगते. कारखान्यात रंगाचं पिंप तयार झालं की आमच्याकडे वाटीभर येतं. आम्ही ते पट्टीवर ओढतो, वाळवतो आणि ग्राहकाने मंजूर केलेल्या नमुन्याशेजारी ठेवून बघतो. आधी दिवसासारख्या पांढऱ्या दिव्याखाली, मग घरातल्या पिवळ्या दिव्याखाली. एकाखाली जुळलेला रंग दुसऱ्याखाली फटकून वागतो. मशीन आकडा देतं, पण शेवटची सही माणसाची. त्यात चूक करून चालत नाही, कारण पिंपात रंग टाकता येतो, काढता येत नाही. ही सही अकरा वर्षं माझी. माझी पिंपं परत आल्याचं फारसं कुणाला आठवणार नाही. मग घोडं पेंड कुठे खातं, सांग.

आमचे हे म्हणतात, "सोडून दे ना, आपल्याला काय कमी आहे?" कमी काही नाही गं. पण रोज सकाळी मी त्याच टेबलाशी जाते आणि माझ्या बाजूने माणसं जिना चढून जातात. मी काय कठडा आहे?

तुझी
छकुली
(पंचेचाळीस वर्षांची)


१४ जून

छकुले,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी बाजू घेऊन संतापले, दुसऱ्यांदा मुख्याध्यापिका म्हणून वाचलं. दुसरं वाचन तुला आवडणार नाही.

मला सांग, तू अर्ज केला होतास का? तुझ्या पत्रात केक आहे, उंच्याची मान आहे, पिंप आहे, पण "मी ही जागा मागितली" हे वाक्य कुठे दिसलं नाही. लहानपणीही तू अशीच होतीस. ताटातलं संपलं की आईकडे नुसतं बघत बसायचीस, वाढ म्हणायची नाहीस. आईला कळायचं. साहेब आई नसतो.

दुसरं. माझ्या शाळेत वेळापत्रक बसवणाऱ्या एक बाई आहेत. चाळीस तुकड्या, साठ शिक्षक, एकाचाही तास दुसऱ्यावर आदळत नाही. पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा मी त्यांचं नाव घेतलंच नाही. का? त्यांना वर नेलं तर वेळापत्रक कोण बसवणार? मी त्यांचं कौतुक सभेत करते, दर वर्षी करते, मोठ्याने करते. कौतुकावर त्यांची बोळवण होते आणि माझं काम चालू राहतं. जो माणूस एका जागी चपखल बसतो, त्याला हलवणं वरच्याच्या जिवावर येतं. ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तेव्हा साहेबांकडे वेळ माग. "मला का नाही?" असं विचारू नकोस. त्यावर माणूस बचाव करतो. विचार की या जागेसाठी तुम्ही माणसात काय बघता, त्यातलं माझ्यात काय दिसलं नाही आणि ते दिसेपर्यंत मला काय करावं लागेल. आणि काही केलं तरी होणार नसेल तर तेही स्पष्ट सांगा. एवढं विचार आणि मग गप्प बसून ऐक. गप्प बसणं तुला जमत नाही, म्हणून ते दोनदा लिहिते. गप्प बसून ऐक.

शाळा सुरू होते आहे, मला फार सवड नाही. मेहुण्यांना नमस्कार.

ताई


२ जुलै

प्रिय ताई,

तुझा सल्ला मी पाळला, पण उलट्या क्रमाने. आधी बोलले, मग ऐकलं.

सोमवारच्या बैठकीत भिंगरीने सगळ्यांसमोर मला विचारलं, "मॅडम, राखाडीची बॅच अजून का अडकली आहे?" साधा प्रश्न होता. हे मला आता कळतं. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "अडकली आहे, कारण ती बरोबर नाही. आणि बरोबर म्हणजे काय, हे तू माझ्याच हाताखाली शिकली आहेस, विसरू नकोस."

भिंगरी लाल झाली. उंच्या आपल्या पेनाचं टोपण उघडझाप करायला लागला. साहेब म्हणाले, "पुढचा विषय." पुढचा विषय मीच होते, तो त्यांनी दुपारी त्यांच्या खोलीत घेतला.

मला वाटलं झापतील. त्यांनी पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "हे तुम्ही मला वर्षभरापूर्वी येऊन सांगितलं असतंत तर?" तेव्हा मी तुझे प्रश्न विचारले. आवाज चढलेलाच होता, पण विचारले.

त्यांचं उत्तर ऐक. जागेची सूचना फलकावर तीन आठवडे लागली होती. भिंगरीने अर्ज केला, बाहेरच्या दोघांनी केला. मी केला नाही. मी म्हटलं, "मी उपप्रमुख आहे. माझं नाव आपोआप धरतील असं मला वाटलं." ते म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्हाला नको आहे." अकरा वर्षं आम्ही दोघं एकमेकांबद्दल वाटून घेत होतो, बघ!

मग म्हणाले, प्रमुखाचं काम रंग जुळवण्याचं नाही. पुढच्या वर्षीचा खर्च मांडायचा, माणसं निवडायची, ग्राहकाची तक्रार आली की त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, उत्पादनाशी भांडायचं. "आणि ग्राहकांकडे तुम्हाला आम्ही पाठवलं होतं, आठवतं? दोनदा गेलात आणि परत येऊन म्हणालात, पुन्हा मला पाठवू नका. मी तशी नोंद केली."

मी म्हटलेलं होतं, ताई. पण तेव्हा चिरंजीव तीन वर्षांचा होता! रात्री माझ्याशिवाय झोपायचा नाही. आज तो माझ्यापेक्षा उंच आहे आणि मी घरात असले तरी त्याला पत्ता नसतो. एका वाक्याला इतकी वर्षं आयुष्य असतं, हे मला कुणी सांगायला नको होतं का?

शेवटी उठताना ते हसत म्हणाले, "आणि खरं सांगू का, तुम्ही हललात तर सही कोण करणार?" अगदी तुझ्या वेळापत्रकवाल्या बाईंसारखं. ते ऐकून माझ्या डोक्यातून जाळ निघाला. चांगलं काम केलं म्हणून शिक्षा, वाईट केलं असतं तरी शिक्षा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि तूही. तू किती सहज लिहितेस, त्यांचं नाव मी घेतलंच नाही म्हणून! त्या बाई घरी जाऊन काय करत असतील, विचार केलास कधी? तुला काय, तू वर बसली आहेस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

छकुली


३० जुलै

छकुले,

उत्तराला उशीर झाला. शाळेत थोडी गडबड आहे, ती निस्तरते आहे.

वेळापत्रकवाल्या बाईंबद्दल तू लिहिलंस ते लागलं. लागायलाच हवं होतं. मी त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, "मला पर्यवेक्षक व्हायचंच नव्हतं, पण तुम्ही विचारलं नाहीत याचं वाईट वाटलं होतं."

हे वाक्य मी तुला मुद्दाम देते आहे. यात दोन वेगळी दुःखं आहेत. एक, हवं ते मिळालं नाही. दुसरं, विचारलं नाही. बाईंना दुसरं होतं, पहिलं नव्हतं. तुझं कुठलं आहे? की दोन्ही? मला तुझ्या पत्रांवरून कळत नाही आणि मला वाटतं तुलाही कळत नाही. तू खुर्चीबद्दल रडते आहेस, पण त्या खुर्चीत बसून दिवसभर काय करायचं याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

म्हणून दोन कामं. पहिलं, भिंगरीची माफी माग. बैठकीत बोललीस, तर माफीही बैठकीतच माग. दुसरं, तिला सांग की मला तुझं काम बघू दे. तिच्या बैठकांना बस, तिची पत्रं वाच, ती कुणाशी काय बोलते ते ऐक. मग ठरव. साडी दुकानाच्या दिव्याखाली बघून घेऊ नये, हे तुझ्याच धंद्यातलं शहाणपण आहे.

आणि एक. चिडणं थांबव असं मी म्हणणार नाही. पण चिडलेली असताना पुढच्या दहा वर्षांचं काही ठरवू नकोस.

ताई


२५ ऑगस्ट

ताई,

माफी मागितली. बैठकीत. शब्द नीट जुळले नाहीत, पण मागितली. भिंगरी म्हणाली, "मॅडम, तुम्ही खोटं कुठे बोललात? तुमच्याच हाताखाली शिकले." मग जिन्यात मला गाठून म्हणाली, "कुणीतरी असं बोलेल म्हणून मी रोज वाटच बघत होते. तुम्ही बोललात, सुटले." आणि ती रडली. माझ्या खांद्यावर! मी तिच्यावर जळत होते आणि ती माझ्या खांद्यावर रडत होती.

तिचं काम बघायचं ठरलं होतं, पण नशिबाने बघण्याऐवजी करायलाच लावलं. तिच्या वडिलांची शस्त्रक्रिया निघाली, ती गावी गेली आणि साहेबांनी दोन आठवडे खुर्ची माझ्याकडे दिली. प्रभारी प्रमुख! आमच्या ह्यांनी घरी दारातच मला वाकून नमस्कार केला. मी पिशवी फेकून मारली.

आता खरं सांगते, आणि तू हसू नकोस.

पहिल्या दिवशी मी सकाळी खुर्चीत बसले आणि दुपारपर्यंत एक रंग पाहिला नाही. खर्चाचा तक्ता, नवीन ओव्हनसाठी खरेदीवाल्यांशी हुज्जत, दोन मुलांच्या रजेचं भांडण, सुरक्षेची बैठक. संध्याकाळी डोकं पिंपासारखं घुमत होतं. चौथ्या दिवसापर्यंत मला कळलं की ही खुर्ची मला जमेल. हो, जमेल, साहेबांना वाटतं त्यापेक्षा बरी जमेल. पण रोज सकाळी तिथे जायचा मला कंटाळा येईल.

एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. "आपलं टेबलच बरं" म्हणून मी परत गेले असते आणि तू मला शहाणी म्हटलं असतंस. पण मी टेबलावर नसताना माझ्या हाताखालच्या दोन मुली सह्या करत होत्या. एक पिंप त्यांनी चुकवलं, निळं जरा जास्त झालं. पांढरा मिसळून, बॅच मोठी करून त्यांनी ते स्वतःच सावरलं. मला विचारलंसुद्धा नाही. मला आधी राग आला. मग लक्षात आलं की माझ्याशिवाय छताचा एक पापुद्राही खाली आला नाही. आणि भिंगरी परत आल्यावर मी माझ्या जुन्या टेबलाशी बसले तेव्हा, ताई, मला तिथेही कंटाळा आला! तो आजचा नाही. बऱ्याच वर्षांचा असणार, रागाखाली झाकला गेला होता. त्या टेबलाशी मी शेवटचं नवीन काय शिकले, मला आठवेना.

मग त्या दोन आठवड्यांत मला काय आवडलं? एकच दिवस. कपाटं बनवणारा एक ग्राहक तणतणत आला, "तुमचा रंग चुकला." उत्पादनवाले म्हणाले, "त्यांचं चुकलं." मी दोघांनाही दिव्यांच्या पेटीसमोर उभं केलं. दिवे बदलत गेले. मग ग्राहकालाच विचारलं, तुम्ही रंग मारल्यावर भट्टीत किती वेळ ठेवता? तो म्हणाला, जेवायची सुट्टी होईपर्यंत. म्हणजे कधी कमी, कधी दुप्पट! जास्त भाजला की पांढरा पिवळट पडतो. दुपारी आम्ही तिघं हसत चहा पीत होतो. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं नाही.

आमच्याकडे असं काम करणारी एक जागा आहे. ग्राहकांकडे जाऊन रंग का बिघडतो ते शोधायचं. वर्षभर रिकामी आहे, कारण फिरतीचं काम कुणाला नको. श्रेणी माझीच, म्हणजे वर चढणं नाहीच. हे म्हणतात, "लोक म्हणतील तुला बाहेर काढलं." म्हणतीलच.

हे सगळं तुला विचारावं म्हणून, पत्राची वाट न बघता, काल तुझ्या शाळेत फोन केला. एका पुरुषाने उचलला, "मुख्याध्यापक बोलतोय." मी म्हटलं, मुख्याध्यापिकाबाईंना द्या. तो म्हणाला, "त्या आता वर्गावर असतात. सहावीचा तास चालू आहे."

ताई, तुला काढलं का? कधी? आणि मला सांगितलं नाहीस? मला खुर्चीवरून उपदेश करत राहिलीस आणि तुझ्याच खाली खुर्ची नव्हती? मी तुला "तू वर बसली आहेस" म्हणून टोचलं तेही मुकाट ऐकून घेतलंस! मला राग आला आहे आणि काळजी वाटते आहे. दोन्हींत राग थोडा पुढे आहे.

लगेच लिही.

छकुली


५ सप्टेंबर

छकुले,

मला काढलं नाही. मीच सोडलं.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी संस्थेला लिहून दिलं होतं की मला मुख्याध्यापकपद नको, गणित शिकवायला परत द्या. नऊ वर्षं त्या खोलीत बसले. छप्पर, अनुदान, बसवाले, पालकांची भांडणं, पुन्हा छप्पर. मागच्या हिवाळ्यात दारात एक लहान मुलगी उभी होती. मी विचारलं, काय गं? ती म्हणाली, "काही नाही. बाई, तुम्ही काय शिकवता?" तिला काय सांगू? छप्पर शिकवते म्हणू?

तुला का नाही सांगितलं? कारण तू खुर्चीसाठी तळमळत होतीस. मी सांगितलं असतं तर तू दोनपैकी एक केलं असतंस. एकतर म्हणाली असतीस, हिच्या हातून गेलं म्हणून हिला द्राक्षं आंबट. नाहीतर लगेच म्हणाली असतीस, ताईने सोडलं म्हणजे मलाही नको. लहानपणापासून तू माझ्या वहीत बघून उत्तरं लिहितेस. माझं उत्तर तुझ्या गणिताला लागू नाही, छकुले. मी चढून बघितलं आणि उतरले. तू चढलीच नव्हतीस. दोन्हींचं दुःख वेगळं आणि शहाणपणही वेगळं.

आता तू लपवू नकोस म्हणतेस, तर सगळंच सांगते. मला वाटलं होतं संस्थेचे लोक म्हणतील, "बाई, असं करू नका." तुझ्या भावोजींना मी सांगूनही ठेवलं होतं की ते आग्रह करतील, मग मी विचार करेन. अध्यक्षांनी पत्र वाचलं, "ठीक आहे" म्हणाले आणि चहा मागवला. दोन मिनिटं. नऊ वर्षांना दोन मिनिटं. त्या रात्री मी भावोजींवर विनाकारण ओरडले.

आणि नवे मुख्याध्यापक चौतिशीचे आहेत. परवा माझ्या वर्गात मागे बसून तास बघितला आणि नंतर म्हणाले, "बाई, फळ्यावर जरा मोठं लिहाल का?" मी दात ओठ खाऊन मोठं लिहिते आहे. वाईट म्हणजे, मागच्या बाकावरच्या पोरांना आता खरंच दिसतं.

शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबतं. काहीजणी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. पण सहावीत एक मुलगा आहे, अपूर्णांकांना भ्यायचा. मंगळवारी त्याने स्वतः हात वर केला. एवढंच. जास्त रंगवून सांगणार नाही.

फिरतीच्या जागेबद्दल मी "हो" किंवा "नाही" म्हणणार नाही. फक्त तीन गोष्टी बघ. ते तुला हवंय की प्रयोगशाळेतून पळायचंय? लेखी अर्ज कर, पुन्हा "आपोआप धरतील" नको. आणि टेबल कुणाकडे देणार ते आधी साहेबांपुढे ठेव, नाहीतर ते सहीचं तुणतुणं पुन्हा वाजवतील.

रागावली असशील तर रागाव. पण लिहीत राहा.

ताई


२० ऑक्टोबर

प्रिय ताई,

आठवडाभर रागावले होते. मग अध्यक्षांच्या चहाची गोष्ट ह्यांना वाचून दाखवली आणि राग तुझ्यावरून अध्यक्षांवर गेला. "ठीक आहे" म्हणे! तुला! तो माणूस मला भेटला तर त्याच्या कपात रंग ओतेन.

अर्ज केला. आयुष्यातला माझा पहिला अंतर्गत अर्ज. लिहायला बसले तर अकरा वर्षांत काय केलं हे मला सांगताच येईना, "सही केली" एवढंच सुचत होतं. भिंगरी माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मॅडम, सही करण्याआधी जे करता ते लिहा." तिने प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, तासाभरात पान भरलं. मग ती म्हणाली, "मी माझा अर्ज चार वेळा लिहिला होता." मला वाटायचं, तिला सगळं अलगद मिळालं.

मुलाखतीला साहेब, विक्री विभागाच्या बाई आणि उंच्या. सगळ्यात वाकडे प्रश्न उंच्याचे. "ग्राहक तुमच्यासमोर आपल्यालाच नावं ठेवायला लागला आणि त्याचं खरं असेल तर?" मी म्हटलं, "खरं आहे म्हणेन आणि तुला फोन करेन." साहेब हसले. उंच्या हसला नाही, पण त्याने लिहून घेतलं. मग साहेबांनी तेच सुरू केलं, प्रयोगशाळेचं काय? मी तयार होते. दोन्ही मुलींनी दोन आठवडे काय सांभाळलं, कोणती अजून पिवळ्या दिव्याखाली चाचपडते, तिला किती सराव लागेल, सगळं सांगितलं. ते म्हणाले सहा महिने थांबा, मी म्हटलं तीन. तीनवर ठरलं.

घासाघीस करता येते, ताई. हे मला कुणी का नाही सांगितलं? तू सांगशील, सांगितलं होतं म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

श्रेणी तीच. पाटी तीच राहील बहुतेक. शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे प्रमोशन नाहीच का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी "अरेरे" म्हटलं आणि मला ते बोचलं. नाही बोचलं असं तुला लिहिणार नाही.

छकुली


१८ एप्रिल

प्रिय ताई,

बरेच दिवस फक्त चार-चार ओळींची कार्डं पाठवली, कारण आज इथे तर उद्या तिथे. आज मुक्कामाच्या खोलीवर निवांत बसून लिहिते. खोलीत पलंग करकरतो आणि नळ गातो, पण टेबल बरं आहे.

बसगाड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात आले आहे. चंदेरी रंगाच्या नव्या कोऱ्या बसगाड्या आणि प्रत्येकीचं दार अंगापेक्षा काळपट. पिंप तेच, दिवस तोच. यांनी आमची पिंपं परत पाठवायची भाषा सुरू केली होती. मी दोन दिवस नुसती रंगाऱ्यांजवळ उभी राहिले. तिसऱ्या दिवशी दिसलं. दारं ते काढून, आडवी ठेवून रंगवतात आणि अंग उभंच रंगवतात. चंदेरी रंगात धातूचे बारीक कण असतात. रंग ओला असताना ते जसे बसतील तशी चमक. आडव्या दारावर रंग जाड आणि ओला पडायचा, कण आत बुडायचे, काळपट दिसायचं. म्हटलं, दार उभं टांगा, अंगाला लावता त्याच हवेच्या दाबाने आणि तेवढ्याच अंतरावरून मारा. फोरमन म्हणाला, "बाई, वीस वर्षं असंच मारतो आहोत." मी म्हटलं, "एक दार द्या. चुकले तर मी स्वतः घासून देते."

ते दार वाळायला टांगलं आणि तेवढ्यात साहेबांचा फोन.

भिंगरी मुख्य कार्यालयात निघाली आहे, आणखी वर. प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा पुन्हा रिकामी. साहेब म्हणाले, "सूचना उद्या फलकावर लागेल. तुम्ही बाहेर असता, दिसणार नाही, म्हणून मुद्दाम फोन केला. या वेळी अर्ज करणार ना? खरं सांगतो, तुम्हीच हव्यात."

ताई, मी त्या शेडच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. अकरा वर्षं या वाक्याची वाट बघितली आणि ते आलं कधी, तर हातमोज्यात, तोंडावर मास्क असताना! मला इतका संताप आला की मी म्हटलं, "साहेब, आता विचारताय?" ते म्हणाले, "हो. उशीर झाला, मान्य आहे."

मी दोन दिवस मागून घेतले. मागायला शिकले आहे. रात्री झोप आली नाही. ह्यांना फोन केला, ते म्हणाले, "तुला हवं ते कर, पण या वेळी तुलाच हवं ते." मी त्या खुर्चीतली सकाळ डोळ्यांसमोर आणली. मग इथली आणली. कुणी विचारलं नाही हे दुःख साहेबांच्या फोनने संपलं होतं, ते मला जाणवलं. त्याखाली हवं ते मिळालं नाही असं दुसरं काही निघतं का म्हणून बराच वेळ चाचपून बघितलं. फारसं काही हाताला लागलं नाही.

आज सकाळी नाही म्हणून कळवलं. माझ्या हाताखालच्या दोघींपैकी मोठीचं नाव सुचवलं आणि तिलाही फोन करून बजावलं, "फलकावर सूचना आहे. अर्ज कर. कुणी आपोआप धरणार नाही." ती म्हणाली, "पण मॅडम, तुमची जागा..." मी म्हटलं, माझी नाही गं, रिकामी आहे.

उद्या कुणीतरी पोरगं त्या खुर्चीत बसेल आणि पुढच्या वर्षी माझ्या कामाची नोंद करेल. तेव्हा मी तुला चिडून पत्र लिहीन, हे आत्ताच सांगून ठेवते.

सकाळचे हे फोन संपतात तोच फोरमनने शेडच्या तोंडाशी येऊन हाक मारली, "बाई, दार वाळलं. उन्हात काढू का?"

मी म्हटलं, "थांबा, मी येते. एकदम दोघं मिळून बघू."

तुझी
छकुली